शेजारच्या तीन रंगांची शांत बेडरूम: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरांचे रंग निवडून देणं हे माझं काम. बेडरूमसाठी "शेजारशेजारचे तीन रंग" हा पर्याय सुचवला की ठरलेले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच खोली घेतली आहे: आमच्या ठाण्याच्या घरातली 10 बाय 11 फुटांची, पश्चिमेला खिडकी असलेली बेडरूम. ती मी आधी चुकवली आणि मग दुरुस्त केली, त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीने सांगता येतं.

शेजारचे रंग म्हणजे नक्की कोणते?

रंगचक्र डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत काढतो तेच, बारा घरांचं. पिवळ्यापासून निघालं की केशरी, लाल, जांभळा, निळा, हिरवा अशी घरं घेत पुन्हा पिवळ्यावर यायचं. मुख्य रंगांच्या मधल्या घरांत त्यांची मिश्रणं असतात. या चक्रावर लागून असलेली तीन घरं घेतली की झाली शेजारच्या रंगांची जोडणी. आमच्या खोलीसाठी मी हिरवा, निळा-हिरवा आणि निळा घेतले. मधला निळा-हिरवा म्हणजे साडीच्या दुकानात ज्याला रामा म्हणतात, तो.

या तिघांत नातं असतं, कारण मधल्यात दोन्हीकडच्यांचा अंश असतो. धूपछाव साडी हातात घेऊन पाहा. उभा धागा निळा, आडवा हिरवा. पदर हलवला की कधी निळा वर येतो कधी हिरवा, आणि लांबून पाहिलं तर दोन्ही मिळून मोरपंखी. त्यात एका रंगातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला ठेच लागत नाही. खोलीत आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

मग एकच रंग फिका-गडद करून का नको?

चालतो, आणि बिघडण्याची भीतीही कमी असते. पण एकाच हिरव्याच्या चार छटा घेतल्या की सहा महिन्यांत खोली सपाट वाटायला लागते. शेजारचा दुसरा रंग आला की सावलीच्या कोपऱ्याला, पडद्याच्या चुण्यांना थोडा उठाव मिळतो. चौथ्या घरापर्यंत मात्र जाऊ नका. हिरव्यापासून निघून निळ्याच्या पुढे जांभळ्याकडे सरकलात की दोन टोकांची एकमेकांशी ओळख उरत नाही.

तिन्ही रंग शेजारचेच घेतले, तरी खोली शांत वाटत नाही. का?

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि माझीही हीच झाली. पहिल्या वेळी मी शेडकार्डावरचे तीन सुंदर रंग निवडले: पोपटीकडे झुकणारा हिरवा, भरपूर रामा आणि अस्मानी निळा. एकेका भिंतीला एकेक दिला. चक्राचा नियम तंतोतंत पाळला होता, पण आत गेलं की तिन्ही भिंती एकाच वेळी हाक मारायच्या. पलंगावर पडलं तरी नजर एका जागी ठरत नव्हती.

कारण असं की चक्रावरचं घर रंगाचा फक्त एक गुण सांगतं: तो हिरवा की निळा. रंगाला आणखी दोन गुण असतात. एक, तो किती उजळ किंवा गडद आहे. दुसरा, तो किती तेज आहे, म्हणजे नव्या साडीसारखा झळझळीत की धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. शांतपणा चक्राच्या घरापेक्षा या दोन गुणांवर, त्यातही तेजावर, जास्त ठरतो. तीन शेजारी पूर्ण तेजात असतील तर ते भांडणार नाहीत, पण सगळे एकदम बोलतील.

म्हणून तिन्ही रंगांत राखाडी मिसळलेली हवी. शेडकार्डावर हे रंग मळकट दिसतात आणि हात शेजारच्या स्वच्छ, गोड रंगाकडे जातो. तो आवरा. परीक्षा सोपी आहे. निवडलेल्या तुकड्याशेजारी कोरा पांढरा कागद आणि एक साधा राखाडी तुकडा ठेवा. तुमचा रंग त्या राखाडीशेजारी फटकून, चमकून उठत असेल तर तो बेडरूमच्या भिंतीला जास्त आहे. राखाडीच्या शेजारी ठेवल्यावर "हाही जवळजवळ राखाडीच, पण हिरवट" असं वाटलं तर तो चालेल. भिंतीवर आल्यावर तो पुरेसा हिरवा दिसतो. का ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट, तिघांना सारखा वाटा देऊ नका. एक रंग घराचा मालक, दुसरा त्याचा भाऊ, तिसरा पाहुणा. पाहायचं तर खोलीच्या दहा भागांतले सहा पहिल्याचे, तीन दुसऱ्याचे, एक तिसऱ्याचा. हे मोजपट्टीने मोजायचं नाही, पण दारात उभं राहून "ही खोली कोणत्या रंगाची?" असं विचारल्यावर घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच आलं पाहिजे.

सुरुवात शेडकार्डापासून करायची का?

नाही. सुरुवात कपाटापासून आणि फरशीपासून करायची. याच मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण लोक तीन रंग भिंतीवर मोजतात आणि खोलीत आधीपासून बसलेला चौथा रंग विसरतात.

आपल्याकडच्या बहुतेक बेडरूममध्ये सागवानी रंगाचा सनमायका लावलेलं कपाट असतं. त्याला आपण तपकिरी म्हणतो, पण तपकिरी म्हणजे गडद केशरीच. बारा घरांच्या चक्रावर निळ्या-हिरव्याच्या बरोबर समोर लालसर केशरी येतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना पेटवतात. त्यामुळे रामा रंगाच्या भिंतीसमोर सागवानी कपाट आणखी केशरी दिसतं आणि भिंत आणखी हिरवी.

आमच्या खोलीत हे कपाट 7 फूट रुंद आणि 7 फूट उंच होतं, म्हणजे 49 चौरस फूट. पलंगामागची भिंत 10 फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, म्हणजे 95 चौरस फूट. दुसऱ्या क्रमांकाच्या रंगाला जेवढी जागा दिली होती, तिच्या निम्म्याहून जास्त जागा एकटं कपाट अडवून बसलं होतं, तेही विरुद्ध रंगात. मग भिंती कितीही समजूतदार असल्या तरी काय उपयोग?

यावर दोनच खरे मार्ग आहेत. एक, कपाटाचा रंग बदला. दुसरा, कपाटाचा रंगच तीन शेजाऱ्यांपैकी एक माना आणि बाकीचे दोन त्याच्या बाजूचे घ्या. (हा दुसरा मार्ग खाली वेगळ्या प्रश्नात आहे.) आम्ही पहिला घेतला. सुताराने दारांचा जुना सनमायका खरवडून खरखरीत केला आणि त्यावर राखाडी-हिरवा, बिनचमकीचा नवा चिकटवला. दारं थोडी जाड झाल्यामुळे बिजागऱ्या पुन्हा बसवाव्या लागल्या, ते आधीच विचारून घ्या. सागवानी पलंग मात्र तसाच ठेवला. पलंगाचं लाकूड चादरीखाली झाकलं जातं, डोक्याकडची फळी आणि पाय तेवढे दिसतात. इतका विरुद्ध रंग खोलीला ऊब देतो.

फरशीचंही पाहा. हस्तिदंती टाइल्स पिवळसर असतात आणि त्यांच्यावरून उसळलेला उजेड भिंतीचा खालचा भाग किंचित पिवळा करतो. निळसर भिंत तिथे हिरवी दिसते. आमच्याकडे तसंच आहे. म्हणून मुख्य भिंतींना मी निळा न घेता आधीच हिरव्याकडे झुकलेला रंग घेतला, म्हणजे वर-खाली फरक जाणवत नाही.

तुमच्या खोलीत कोणता रंग कुठे आला?

तीन भिंती आणि कपाट फिक्या राखाडी-हिरव्यात. सुकलेल्या तुळशीच्या पानाला दुधात घोळवलं तर जो रंग होईल, तसा. पलंगामागची भिंत मळवलेल्या रामा रंगात, बाकी भिंतींपेक्षा बरीच गडद. ती पलंगामागेच ठेवण्याचं कारण साधं आहे: पडल्यावर ती दिसत नाही. खोलीत शिरताना तिच्यामुळे आधार वाटतो आणि झोपताना समोर फक्त फिकी भिंत असते. बऱ्याच घरांत गडद भिंत टीव्हीमागे, पलंगाच्या समोर करतात. ती बैठकीच्या खोलीत शोभते, पण बेडरूममध्ये दिवसाची शेवटची नजर त्या सगळ्यात जोरकस जागेवर जाते.

निळा भिंतीवर कुठेच नाही. तो कापडात आहे: उशांचे दोन अभ्रे, पायाशी घडी करून ठेवलेली गोधडी आणि खिडकीच्या पडद्याची खालची वीतभर पट्टी. सगळा विटलेल्या जीन्सचा निळा. पडद्याचं बाकी कापड न रंगवलेलं जाड सुती आहे.

अनेक शेडकार्डांच्या मागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक रंगापुढे LRV असा आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो ते तो सांगतो: 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. आमच्या फिक्या भिंती 60 ते 65 च्या आसपास आहेत आणि गडद भिंत 30 च्या आसपास. लहान खोलीत मुख्य रंग 55 च्या खाली नेऊ नये असं माझं मत आहे. नेलात तर दिवसाही दिवा लावावा लागतो.

शेडकार्डावर पाहिलेला रंग भिंतीवर वेगळाच का दिसतो?

तीन कारणं आहेत. पहिलं, भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. हिरव्या भिंतीवरून निघालेला हिरवट उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर पडतो आणि रंग वाढत जातो. चारही बाजूंनी वेढलं की रंग तुकड्यापेक्षा हमखास तेज वाटतो. म्हणून मघाशी म्हटलं तसं, तुकडा मळकट वाटेल इतका राखाडी निवडायचा.

दुसरं, शेजारचा रंग. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काही धाग्यांचा रंग फिका पडतो अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. शोध घेतल्यावर लक्षात आलं की रंगात खोट नव्हती, तो धागा ज्या रंगाशेजारी विणला होता त्यामुळे तसा दिसत होता. 1839 साली त्याने हे सगळं सविस्तर छापलं. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. आपल्या जोडणीत याचा अर्थ असा की निळ्या गोधडीशेजारी रामा भिंत आणखी हिरवी वाटते, आणि तीच फिक्या हिरव्या भिंतीशेजारी आणखी निळी वाटते. म्हणून तीन रंग तीन वेगवेगळ्या दिवशी एकेकटे निवडू नका. तिन्हींचे नमुने एकत्र ठेवूनच ठरवा.

तिसरं कारण उजेड. त्याला पुढचे दोन प्रश्न दिले आहेत.

नमुना पाहायची माझी पद्धत अशी. दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्याला किंवा प्लायच्या तुकड्याला आधी पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. कडेने दोन इंच पांढरं सोडायचं नाही, नाहीतर त्या पांढऱ्यामुळे रंग गडद भासतो. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट ठिपका मारून कधीच ठरवू नये, कारण आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. ओल्या रंगावरूनही नाही. इमल्शन सुकल्यावर सहसा गडद होतं. पूर्ण सुकलेला तुकडा सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री झोपायच्या वेळचा दिवा लावून, असा चार वेळा पाहा. भिंतीला उभा टेकवूनच पाहायचा. आडव्या टेबलावर उजेड वेगळा पडतो.

आमची खोली पश्चिमेची आहे. निळा-हिरवा चालेल?

चालतो, आमची पश्चिमेचीच आहे. दुपारी चारनंतर तिरपं केशरी ऊन आत येतं. केशरी उजेडात निळा रंग मरतो, राखाडी होतो. हिरवा मात्र ऊबदार होतो. म्हणून पश्चिमेला या तिघांपैकी हिरव्याला मालक करा, निळ्याला नको.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड येतो. तिथे हीच जोडणी गारठलेली वाटू शकते. हिरव्याला पिवळ्याकडे थोडं सरकवलं तर बरं.

आणि पावसाळा विसरू नका. चार महिने बाहेर शिसवी आभाळ असतं, दुपारीही खोलीत संध्याकाळ. मे महिन्यात छान दिसलेला निळसर राखाडी जुलैत उदास करतो. नमुना पाहताना एक वेळ पडदे ओढून, दिवा न लावता पाहा. पावसाळ्यातला दिवस साधारण तसाच असतो. खिडकीबाहेर आंब्याचं किंवा बदामाचं झाड असेल तर पानांवरून हिरवा उजेड आत येतो. तेव्हा हिरवा आणखी अर्ध्या पायरीने फिका घ्या.

रात्री सगळं बिघडतं. दिव्यांचं काय?

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा पाहा. 6500K लिहिलेली पांढरी ट्यूब निळसर असते. तिच्याखाली हिरवा-निळा गट दवाखान्यासारखा थंड दिसतो आणि माणसांचे चेहरे फिके पडतात. 2700K चा पिवळा बल्ब दुसऱ्या टोकाला नेतो: निळा मळतो, हिरवा शेवाळी होतो. आम्ही छताला 4000K चा एक दिवा ठेवला, तो आवराआवर करण्यापुरता. उशाशी 3000K चे दोन छोटे दिवे, जे रामा भिंतीवर उजेड सोडतात. रात्री नऊनंतर फक्त तेच. खोक्यावर CRI चा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, आकडा 90 किंवा जास्त असेल तर थोडे पैसे जास्त द्या. स्वस्त दिव्याखाली राखाडी-हिरवा आणि साधा राखाडी यांतला फरकच कळेनासा होतो, मग तीन रंग निवडण्याची सगळी मेहनत वाया.

निळ्या भिंतीमुळे झोप लवकर लागते, हे खरं का?

भिंतीच्या रंगाबद्दल असं वचन मी कुणाला देत नाही. रात्री डोळ्यांत जाणाऱ्या भरपूर निळसर उजेडाने झोप यायला उशीर होतो, हे मात्र पक्कं आहे. म्हणजे भिंत निळी करून वर 6500K ची ट्यूब लावली तर झोपेला मदत होणार नाही. या पानावर शांत खोली म्हणजे जिथे नजर कुठे अडत नाही अशी खोली.

रंग किती लागेल?

आमचा हिशेब देते. खोलीचा घेर 42 फूट, उंची साडेनऊ, म्हणजे सगळ्या भिंती मिळून 399 चौरस फूट. त्यातून पलंगामागची 95 वेगळी काढली. उरलेल्या 304 मधून दार 21, खिडकी 20 आणि कपाट 49 वजा केले, राहिले 214. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण 120 चौरस फूट जातं असं धरा. फिक्या रंगाला दोन लिटर पुरे झाले. गडद भिंतीला हिशेबाने एक लिटर पुरायला हवा होता, पण फिक्यावर गडद चढवताना दोन हातांत ठिगळं दिसतात आणि तिसरा हात लागतोच. तिथे दोन लिटर घ्या.

सगळा रंग दुकानाच्या मशीनवर एकाच वेळी मिसळून आणा. नंतर आणलेल्या डब्यात बारीक फरक पडू शकतो, आणि मळकट रंगांत तो जास्त कळतो, कारण त्यांत तीन-चार रंगद्रव्यांचे थोडे थोडे थेंब असतात. मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी नमुना आणि मगच डबा.

भिंतीला मॅटच लावा. चकाकीवर पुट्टीचे चढउतार दिसतात, आणि उशाशेजारचा दिवा गडद भिंतीवर पडला की ते दुप्पट दिसतात.

छत पांढरंच ठेवायचं?

हो, पण निळसर पांढरं नको. भिंतीच्या हिरव्याचा अगदी थेंबभर अंश असलेलं दुधी घ्या. शुभ्र छत आणि राखाडी भिंत यांच्यामध्ये कडक रेघ दिसते, आणि पलंगावर पडल्यावर समोर तीच येते.

निळा-हिरवा आवडत नाही, किंवा कपाट बदलायचं नाही. मग?

मग वर म्हटलेला दुसरा मार्ग. सागवानी कपाट केशरीच्या घरात बसतं, त्यामुळे त्याच्या बाजूचे पिवळा आणि पिवळा-केशरी घ्या. भिंतींना राखाडी मिसळलेला हस्तिदंती, पलंगामागे बदामी, आणि तिसरा रंग कपाट आधीच देतंय. हस्तिदंती टाइल्सही याच घराण्यातल्या. खर्च कमी आणि उत्तरेच्या खोलीला ही जोडणी फार शोभते. पश्चिमेच्या खोलीत मात्र संध्याकाळी ती तापलेली वाटते. धोका एकच: पिवळा चारही भिंतींवर आला की भराभर वाढतो. तुकड्यावर जवळजवळ पांढरा वाटेल इतका फिका घ्या.

भाड्याचं घर आहे, भिंती रंगवता येत नाहीत.

कापडाने बरंच जमतं. खिडकी असलेल्या भिंतीवर छताजवळ दांडी लावून भिंतभर पडदा सोडा, तो तुमचा पहिला रंग. पलंगपोस दुसरा. अभ्रे तिसरा. घरमालकाच्या भिंती बहुधा मोतिया किंवा फिक्या पिवळ्या असतात, तेव्हा पिवळ्याकडची हिरवी बाजू निवडलीत तर भिंतही शेजारी म्हणून धरता येते.

आईने दिलेली लाल दुलई आहे. ती कुठे ठेवू?

पलंगावरच ठेवा. लाल ही या चक्रात हिरव्याच्या समोरची बाजू, त्यामुळे ती ठळक दिसणारच. पण ती एकच वस्तू असेल आणि खोलीत दुसरं काही लाल, केशरी नसेल, तर नजर तिच्यावर जाऊन परत येते. आमच्याकडे आजीची तांबडी गोधडी आहे. दिवसा ती निळ्या गोधडीखाली घडी करून असते, तिची फक्त कड दिसते. रात्री ती अंगावर असते.